न दिलेला आवाज

अमरावतीच्या मुलींच्या शाळेत मी शेवटच्या वर्षाला होते, तेव्हाची ही गोष्ट. वऱ्हाडातल्या शाळांचे खो-खोचे सामने आमच्याच मैदानावर होते. अंतिम सामना हिवरखेडच्या मुलींशी पडला.

त्यांच्यात एक सावळी, काटक मुलगी होती. दोनच वर्षांपूर्वी तिच्या घरच्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती आणि वडील दुसऱ्याच्या शेतात राबत होते. हे सगळं जेवणाच्या पंगतीत आमच्या मुलींनी कुजबुजत एकमेकींना सांगितलं होतं. सामना बघायला ते वडीलही आले होते. दोरीच्या पलीकडे ते उन्हात उभे होते.

शेवटची पाळी आमची, पाठलागाची. दोन्हीकडचे गुण सारखे झालेले. आणखी एक गडी बाद केला की सामना आमचा, आणि समोर पळायला ती एकटीच उरलेली. तिच्या तुकडीतल्या बाकीच्या दोघी बाद झाल्या होत्या. ती काही केल्या सापडेना. आम्ही आठ जणी मधल्या पाटीवर एक इकडे, एक तिकडे तोंड करून बसलेल्या, नववी पाठलागावर. पळणारीला आमच्यामधून कुठूनही पलीकडे जाता येतं, पाठलाग करणारीला ती पाटी ओलांडता येत नाही, घेतलेली दिशाही बदलता येत नाही. पलीकडे जायचं तर तिकडे तोंड करून बसलेलीला मागून हात लावायचा, मोठ्यानं ‘खो’ म्हणायचं आणि तिच्या जागी बसायचं.

मी उठले तेव्हा मिनिटभर उरलं असेल. ती माझ्यापुढून सटकून पलीकडे गेली आणि आमच्याकडे पाठ करून पुढे निघाली. मला धाप लागली होती. मी पुढच्या मुलीच्या पाठीवर हात मारला. तोंड उघडलं, आवाज निघालाच नाही. ती मुलगी मात्र उठली, दोन ढांगांत पोचली आणि पळणारीच्या खांद्याला तिनं हात लावला. पंचांची शिट्टी वाजली. गडी बाद.

बाद झालेली ती मैदानाबाहेर गेली नाही. सरळ पंचांकडे गेली.

“गुरुजी, तिनं खो म्हटलाच नाही. मले ऐकू नाही आला.”

नुसता हात लावून उठवलं तर तो नियमभंग. त्या उठण्यातून बाद झालेला गडी बाद धरत नाहीत. पंचांना ते ठाऊक होतं, पण लोकांच्या गलक्यात त्यांनाही नीट ऐकू आलं नसावं. त्यांनी मला बोलावलं. माझे वडील त्यांच्या ओळखीचे होते.

“खो दिला होतास ना?”

“हो,” मी म्हणाले.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. तिच्याच शाळेचे मास्तर तिच्यावर खेकसले, पंचांशी हुज्जत घालतेस म्हणून सगळ्यांदेखत तिला मैदानाबाहेर बसवलं. तिच्या वडिलांनी तिची पिशवी उचलली आणि दोघं निघून गेले. आम्हाला चषक मिळाला. फोटोत मी मधोमध आहे. घरी आईनं तो फोटो भिंतीवर लावला. आपण हो का म्हणालो, हे मला त्या दिवशी कळलं नाही, आजही नीट कळत नाही.

सहा-सात वर्षांनी मी शिक्षिका म्हणून आमच्या मुलींना घेऊन अकोल्याला गेले. तिथे पंच होती ती हिवरखेडची मुलगी. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली होती, पंचाची परीक्षा तिनं दिली होती. मी तिला लगेच ओळखलं. तिनंही ओळखलं असावं, पण दाखवलं नाही. आमच्या एका मुलीनं खो मिळायच्या आत जागा सोडली, तेव्हा तिनं शिट्टी वाजवली, शांतपणे उलट्या दिशेला हात केला; नियमभंग झाला की पाठलाग तिकडे वळवावा लागतो. निर्णय बरोबर होता.

सामना संपल्यावर ती चुन्याची बादली घेऊन पुसलेल्या रेषा आखत होती. मी जवळ जाऊन सांगितलं, त्या दिवशी मी खोटं बोलले.

ती रेष पुरी करूनच उभी राहिली.

“मले माहीत होतं. पाठ असली की मी कानानं खेळत होती. खो ऐकला की कोण उठलं ते समजे. त्या दिवशी काईच नाही ऐकलं, म्हणून तर सापडली.”

मी माफी मागितली. त्यानंतर ती खेळली का, असं विचारलं. नाही, म्हणाली. बापानं पुन्हा पाठवलंच नाही. पोरगी खोटं बोलली असं त्याच्या तोंडावर मास्तर बोलले होते, आणि मरेपर्यंत ते त्याच्या मनातून गेलं नाही.

“तुझ्यावर त्यांचा विश्वास नव्हता?” मी विचारलं.

“होता. म्हणूनच जास्त लागलं त्याले.” मग बादली उचलत म्हणाली, “आता सांगून काय करता बाई? गुरुजींनी इचारलं होतं, तवा सांगायचं.”

पुढच्या सामन्याच्या मुली मैदानात येऊन बसायला लागल्या होत्या. ती त्यांची तोंडं आलटून-पालटून आहेत का, ते बघत पाटीच्या कडेनं चालत गेली. मग माझ्या मुलींनी जेवायला हाक मारली.