चनबसप्पांच्या कानात तुटणारं गाणं

विजापूर वेशीजवळ मुबीनचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्याने रस्त्यावर थांबायचं, एवढीच जागा. मुबीनचा हात चांगला होता आणि तो चांगला आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं, खोड काय ती तेवढीच. गिऱ्हाईक गाऱ्हाणं सांगत असतानाच याचं उत्तर तयार असायचं. त्यातून बाजूला चार माणसं उभी असली तर त्याची जीभ जरा जास्तच सैल सुटायची.

जानेवारीत, गावची मोठी गड्ड्याची जत्रा चालू असताना, चनबसप्पा त्याच्या दुकानात आले. सत्तरी ओलांडलेले, चादरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, आणि गल्लीतल्या मठात चाळीस वर्षं सोमवारच्या भजनाला पेटी वाजवणारे. मागे कोण सुरातून घसरला हे त्यांना मान न वळवता कळायचं. मुलाने त्यांना गळ्यात अडकवायचा ब्लूटूथ हेडफोन घेऊन दिला होता. दुपारी खुर्चीत बसून ते फोनवर भजनं लावायचे, चाली पाठ करायचे आणि सोमवारी पेटीवर बसवायचे. पण हल्ली मधलेच शब्द गायब होतात, सूर तुटतो, असं त्यांचं म्हणणं होतं. परवा जत्रेत फिरताना तर चार शब्दांतले दोनच ऐकू आले म्हणाले.

मुबीनने हेडफोन स्वतःच्या कानात घातला, अप्पांचाच फोन काउंटरवर ठेवून गाणं लावलं. पाच मिनिटं ते तुपासारखं चाललं. त्याने हेडफोन काढून त्यांच्या हातात दिला. त्यांच्या कानात घालून बघावं, घरी कुठं बसता, फोन कुठं ठेवता, एवढं विचारावं, असं काही त्याला सुचलं नाही. शेजारी दोघं तिघं उभे होते.

"अप्पा, मशीन ठणठणीत हाय. आता कान तपासून घ्या की."

उभे असलेले हसले. अप्पाही थोडे हसले, हेडफोन खिशात घातला आणि निघून गेले. मुबीन पुढच्या फोनकडे वळला आणि संध्याकाळपर्यंत सगळं विसरूनही गेला.

मे महिन्यात अप्पांची सून वैजयंती दुकानात आली. ती शिवणकामाचे वर्ग मोबाईलवर बघते. सासऱ्यांचा हेडफोन कपाटात पडून होता म्हणून तिने तो वापरायला काढला होता. तिने तो काउंटरवर ठेवला.

"मुबीनभाई, मामांच्याच जागी बसून ऐकते, तर माझ्याबी कानात तुटतंय. माझं वय चौतीस. माझंबी कान गेलं म्हणायचं का?"

मुबीनने हेडफोन उचलून हातात घेतला. मग तिने बाकीचं सांगितलं, न रागावता, आणि तेच जास्त लागलं. दुकानातून घरी गेले त्या दिवसापासून मामांनी पेटीला हात लावला नाही. कान तपासायलाही गेले नाहीत, डॉक्टरनेही तेच सांगितलं तर, ही भीती. मठात जाऊन सांगितलं की मला मधले सूर ऐकू येत नाहीत, चुकीचं वाजवून देवापुढं हसं नको. त्यांच्या जागी आता भीमाशंकर बसतो. घरात कुणी हाक मारली तरी मामा आधी तोंडाकडे बघतात.

मुबीनने शटर अर्धं ओढलं आणि तिच्याबरोबर निघाला. वेस ते घर दहा मिनिटांचा रस्ता होता.

घरात शिरल्या शिरल्या त्याला सगळं दिसलं, आणि त्याचे कान तापले. टीव्हीच्या फळीवर वायफायचा डबा. त्याला खेटून चार्जिंगला लावलेला अप्पांचा फोन. अप्पांची खुर्ची खोलीच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये लोखंडी कपाट. त्याने खुर्चीत बसून हेडफोन घातला आणि वैजयंतीला गाणं लावायला सांगितलं. तिसऱ्याच ओळीत सूर तुटला. मग पुन्हा. त्याने तिला फोनवरचं वायफाय बंद करून मोबाईल डेटावर तेच गाणं लावायला लावलं. तुटणं जवळजवळ थांबलं. फोन उचलून खुर्चीपाशी आणला, तेव्हा उरलंसुरलंही गेलं.

दुकानात वायफाय नव्हतं आणि फोन कानापासून हातभर अंतरावर होता, म्हणून तिथे सगळं सुरळीत चाललं होतं. घरी तोच फोन एकाच वेळी वायफायवरून गाणं ओढत होता आणि ब्लूटूथवरून कानाकडे पाठवत होता. दोन्हींची ये-जा हवेतल्या लहरींच्या एकाच पट्ट्यातून, शिवाय शेजारपाजारच्या चार घरांचं वायफायही त्यातच. जत्रेत तर हजारो माणसं, प्रत्येकाच्या खिशात फोन, आणि अप्पांचा फोन विजारीच्या मागच्या खिशात. मध्ये आलेलं माणसाचं अंगच लहरी अडवतं. हे सगळं मुबीनला जानेवारीतही माहीत होतं. फक्त विचारायचं राहिलं होतं.

काम अर्ध्या तासाचं होतं. डबा त्याने फळीवरून काढून दारापाशी उंचावर लावला. त्यात लहरींचे दोन पट्टे होते पण फोनवर दिसणारं नाव एकच, म्हणून फोन जुन्याच गर्दीच्या पट्ट्याला चिकटायचा. त्याने दोन वेगळी नावं दिली आणि फोन पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जोडला, तिथे ब्लूटूथ जात नाही. भजनं फोनमध्ये उतरवून ठेवली. बाहेर जाताना फोन सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवायचा, आणि फारच गर्दी असली तर साधा वायरचा हेडफोन लावायचा, असं वैजयंतीला सांगितलं.

मग त्याने आतल्या खोलीतून अप्पांना बोलावलं, खुर्चीत बसवलं आणि हेडफोन त्यांच्या कानात घातला. अप्पांनी भजन शेवटपर्यंत ऐकलं. कुठेही तुटलं नाही. मुबीन त्यांच्या पायाशी फरशीवर बसला होता, त्याला वर बघवत नव्हतं. अप्पा, तुमचे कान चांगले होते, मीच बघितलं नाही, असं तो म्हणाला. लोक हसावेत म्हणून बोलून गेलो, हेही म्हणाला.

"तू जाणकार माणूस," अप्पा म्हणाले. "तू म्हणलास, मला खरंच वाटलं की रे."

शिव्या दिल्या असत्या तर मुबीनला बरं वाटलं असतं.

पुढच्या सोमवारी संध्याकाळी तो मठात गेला. चपला बाहेर काढून दाराशी उभा राहिला आणि भजन सुरू व्हायच्या आधी सगळ्यांसमोर सांगितलं की चूक वायफायची होती आणि माझी होती, अप्पांच्या कानांची नव्हती. भीमाशंकर उठला, पेटी अप्पांकडे सरकवली आणि झांजा घेऊन मागे जाऊन बसला.

अप्पांनी भाता उघडला. बोटं पहिल्यासारखीच फिरली, एकही पट्टी चुकली नाही. पण कडवं संपलं की ते थांबायचे, गाणाऱ्यांकडे नाही, दाराशी उभ्या मुबीनकडे बघायचे, बरोबर आलं का, म्हणून. सुरातलं मुबीनला ओ की ठो कळत नव्हतं. तरी प्रत्येक वेळी त्याला मान हलवून होय म्हणावं लागत होतं.