हिंदुरावांची मेल

आमच्या शिरोलीच्या फाउंड्रीतले हिंदुराव चौगले ठोकल्यावर येणाऱ्या नुसत्या आवाजावरून ओतीव कास्टिंगमधली चीर ओळखतात. पण जर्मनीच्या गिऱ्हाइकाला इंग्रजीत मेल लिहायला बसले, की माझं डोकं उठतं. कारण मेल जाण्याआधी तपासायचं काम माझं.

परवा त्यांनी लिहिलं, ‘यू हॅव नॉट सेंट ड्रॉइंग. सेंड टुडे ओन्ली.’

“हिंदुराव, हे दम दिल्यासारखं वाटतं!”

“आवो मॅडम, मनात ‘पाठवा’च म्हटलंय की! ‘पाठव’ न्हवं!”

“तुमच्या मनातलं त्याला जर्मनीत कसं कळणार?” मी चिडले आणि मेल छापलेल्या कागदावर लाल पेनाने टिपा लिहिल्या : ‘त्याची चूक दाखवू नका, “आम्हाला ड्रॉइंग अजून मिळालेलं नाही” असं लिहा. हुकूम सोडू नका, विचारा : “कुड यू प्लीज सेंड इट टुडे?” किती वेळा सांगायचं?’

तासाभराने मेल सुधारून आली, अगदी नीट. सोबत माझा कागदही परत आला. त्यावरचं ‘किती वेळा सांगायचं?’ पेन्सिलीने अधोरेखित केलेलं होतं. शेजारी हिंदुरावांची टीप होती : ‘मॅडम, हे दम दिल्यासारखं वाटतं.’