हँडलखालचं लाकूड

शहापूरजवळ हायवेच्या कडेला पत्र्याची एक लांबलचक शेड होती. मुंबईत जुन्या इमारती पाडल्या जात, तिथलं फर्निचर टेम्पोतून इथे यायचं आणि इथून मुरबाडकडच्या फार्महाउसांत जायचं. दोन हजार सालानंतरच्या काही वर्षांत मी तिथे कामाला होते. मला नोकरी मिळाली ती इंग्रजीमुळे. गिऱ्हाईक इंग्रजीत बोलायला लागलं की शेठ मला हाक मारायचे, "ए कॉन्व्हेंट, इकडे ये, काय म्हणतायत बघ." माझी शाळा कॉन्व्हेंट नव्हती, नुसती इंग्रजी माध्यमाची होती. दोन वेळा सांगितलं, मग सोडून दिलं.

अनोळखी माणसांच्या तोंडाकडे बघून बोलणं मला जमत नसे. त्यामुळे मी फर्निचरकडे बघायचे, आणि तेही समोरून नाही. समोरून तर गिऱ्हाईक बघत असे. मी खुर्च्या उलट्या करून बघायचे, खण बाहेर काढून आत हात घालायचे, कपाटांच्या पाठी बघायचे. शेडच्या मागच्या बाजूला मिस्त्री बसायचे. मुरबाड तालुक्यातले, पन्नाशीचे, दिवसाला दहा वाक्यं बोलणारे. त्यांनी मला एवढंच शिकवलं, "माणूस जिथं हात लावतो तिथं झीज पायजे. जिथं कुणाचा हात जात नाय तिथं झीज दिसली, तर ती आमी केलीय."

कारण मिस्त्री जुनं फर्निचर दुरुस्त करत, तसं ते तयारही करत. पडक्या घरांच्या सागाच्या तुळया यायच्या. त्या चिरून, खिळ्यांची भोकं लाकडाच्या भुशाने बुजवून, त्यातून 'आर्ट डेको', म्हणजे १९३०-४०च्या मुंबईतल्या गोल कोपऱ्यांच्या घाटाची कपाटं निघायची. साखळीने दोन-चार ठिकाणी मारायचं, कोपऱ्यांत काळं बूट पॉलिश चोळायचं, की झालं साठ वर्षांचं.

शेठना यात लबाडी वाटत नसे, हे मला फार उशिरा कळलं. त्यांना खरोखरच जुनं ओळखता येत नव्हतं. त्यांची परीक्षा एकच, बोटाच्या पेराने ठोकायचं. भरीव वाजलं तर जुनं, हलकं वाजलं तर नवं. "आपले आजोबा-पणजोबा प्लाय वापरायचे काय?" हे ते रोज कुणाला तरी ऐकवायचे. शेठ तीस वर्षं हा धंदा करत होते, आणि तीस वर्षं खरा माल मागच्या दाराने भंगारात देत होते. मुंबईच्या आर्ट डेको फर्निचरला प्लायचंच वेड होतं, त्यावर अक्रोडासारख्या लाकडाचे पातळ पापुद्रे लावणं ही त्या काळची शान होती, हे त्यांना कोण सांगणार? मी सांगितलं नाही. मला पगार इंग्रजी बोलण्याचा मिळत होता.

एका दुपारी टेम्पो आला. चालवणारा नेहमीचाच, सिद्धगडाच्या पायथ्याकडचा, शेठचा माल वाहणारा. या वेळी मात्र त्याच्याबरोबर त्याची भावजय होती आणि टेम्पोत गोधडी गुंडाळलेलं त्यांचंच कपाट.

"शेठ, निवाडा करा," तो उतरताच म्हणाला. "आमच्या भावानं मुंबईत एका घरी तीस वर्षं सैपाक केला. ते लोक फ्लॅट विकून गेले तवा त्याला हे दिलं. वयनी म्हणते किमती हाय. मी म्हणतो प्लायचं खोकं हाय."

बाई पदर खोचून टेम्पोच्या मागे उभी होती. "आमचं ठरलंय," ती शेठना म्हणाली. "खरं निघालं तर घरात राहील, माझा माणूस गेला त्या खोलीत, त्याच भिंतीला. खोटं निघालं तर हा घेऊन जाईल कुठं टाकायचं तिथं. मग कुणी मला बोलायचं नाय आणि मी कुणाला बोलायची नाय."

"अख्खं गाव हसतंय," दीर म्हणाला. "तीस वर्षं रांधलं नि खोकं घेऊन आला."

"तू हसतोस. गावाला कामं हायत."

कपाट खाली उतरवलं. दोन्ही बाजूंचे कोपरे एसटीच्या टपासारखे गोल वळलेले, पुढच्या दोन दारांवर लाकडाच्या रेषा अशा, की पुस्तक मधोमध उघडावं तशा डावीकडच्या रेषा उजवीकडे उलट्या फिरलेल्या. एकाच ओंडक्याचे लागोपाठचे पापुद्रे. खालच्या कडेला एक टवका उडाला होता, तिथे पापुद्र्याची जाडी दिसत होती. आजकालच्या कागदासारख्या पापुद्र्याच्या दुप्पट-तिप्पट. हँडलं निकेलसारखी चकचकीत, पण अंगठा टेकतो तिथे चकाकी उडून आतलं पितळ पिवळं दिसायला लागलेलं.

शेठनी बोट वाकवून ठोकलं. टक. पुन्हा ठोकलं.

"प्लाय," ते म्हणाले. "नवा माल. फसवलं तुझ्या भावाला."

"बोललो का नाय!" दीर म्हणाला. त्याचा चेहरा असा उजळला, जणू भाऊ खोटा निघाला म्हणून याला काही बक्षीस मिळणार होतं. शेठबरोबर फिरून तोही ठोकायला शिकला होता. त्याने दोनदा ठोकलं आणि जाणकारासारखी मान हलवली.

 बाई गोधडीची घडी घालू लागली.

त्याच वेळी आत एक मॅडम होती. मुरबाड रस्त्यावर फार्महाउस बांधत होती, सकाळपासून तिसऱ्यांदा मला "ऑथेंटिक आहे ना?" असं विचारत होती. तिच्यासमोर मिस्त्रींनी मागच्या महिन्यात केलेलं कपाट उभं होतं. ती बाहेर आली, बाईच्या कपाटाकडे बघितलं, तिनेही पेर वाकवून ठोकलं (हे तिला शेठनी तासाभरापूर्वीच शिकवलं होतं) आणि इंग्रजीत मला म्हणाली, "सो सॅड. गरीब लोकांना कुणीही काहीही विकतं."

मी मान हलवली. अशा वेळी मान हलवणं मला छान जमायचं.

मग मी पाणी द्यायचं निमित्त करून बाईजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "मावशी, तुमचं कपाट खरं आहे. जुनंच आहे."

तिने माझ्याकडे नीट बघितलं.

"मग तिकडं त्यांच्यासमोर का नाय बोललीस गो?"

मी पाण्याचा ग्लास पुढे केला.

"इथं माझ्या कानात खरं असून काय उपेग?" ती म्हणाली. "माझ्या कानाला ठाऊकच हाय."

मी मिस्त्रींच्या पेटीतून चपटा स्क्रू ड्रायव्हर घेतला. कुणाकडे न बघता सरळ कपाटापाशी जाऊन बसले, दार उघडलं आणि आतून हँडलचे स्क्रू सोडवायला लागले.

"ए कॉन्व्हेंट, काय करतेस?" शेठ ओरडले.

"दाखवते," मी म्हणाले. आवाज इतका बारीक आला की दिराने "काय?" विचारलं.

जुन्या पॉलिशमध्ये स्क्रू रुतून बसले होते. ते फिरले तेव्हा बारीक तपकिरी भुकटी पडली. हँडल सुटून हातात आलं. त्याच्याखाली हँडलच्याच आकाराचा गडद डाग होता, चॉकलेटी, ओला असल्यासारखा. भोवतालचं लाकूड उन्हाने रंग उडून मधासारखं झालेलं.

"सगळं कपाट आधी या रंगाचं होतं," मी कपाटाकडे बघतच म्हणाले. "बाकीचं उन्हाने उडालं. हँडलखाली ऊन गेलं नाही. भोकंही दोनच आहेत, म्हणजे हँडल कधी बदललं नाही. इतकं उडायला वर्षानुवर्षं लागतात."

"ते रंगवता येतं," शेठ म्हणाले.

मी उठले, आत गेले आणि मॅडमच्या पसंतीच्या कपाटाचं हँडल काढलं. आता थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. हँडलखाली तोच रंग, जो भोवती. एकसारखा, महिन्याभरापूर्वीचा. वर एक बुजवलेलं खिळ्याचं भोक, जिथे कपाटाला खिळा मारायचं काहीच कारण नव्हतं.

 मॅडम कपाटाकडे आणि मग शेठकडे बघायला लागली. शेठ माझ्याकडे बघत होते. मी स्क्रू ड्रायव्हरकडे.

"पोरीला काय कळतंय?" दीर म्हणाला. "प्लाय ते प्लाय. मिस्त्री, तुमी सांगा."

मिस्त्री रंधा खाली ठेवून उठले. बाईच्या कपाटाचा खालचा खण पूर्ण बाहेर काढून त्यांनी आत, गोल कोपऱ्याच्या आतल्या बाजूला हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग दिराला म्हणाले, "घाल हात."

त्याने घातला.

"काय लागतंय?"

"पट्ट्या. शेजारी शेजारी."

"बोटाएवढ्या पट्ट्या जोडून गोल उभा केला, वरनं पापुद्रा वाकवला. सरसानं चिकटवलाय. आता माझा बघ." त्यांनी त्याला आतल्या कपाटाकडे नेलं. "माझा गोल केवढा? तुळई जेवढी जाड तेवढाच. भरीव सागात याच्यापेक्षा मोठा गोल येत नाय. शेठला भरीव पायजे, म्हणून मी असा करतो. तुझ्या भावाच्या कपाटासारखा मला येत नाय."

त्यांनी हे वाईट वाटून सांगितलं नाही. एवढं बोलून ते रंध्यापाशी जाऊन बसले. दहा वाक्यांचा दिवसाचा साठा संपला असावा.

दीर कपाटाभोवती एक चक्कर मारून आला. पुन्हा ठोकावं म्हणून त्याने बोट वाकवलं, आणि मग ठोकलं नाही.

"ठेवा मग भिंतीला," तो म्हणाला. "मला काय. टेम्पोचं डिझेल फुकट गेलं."

मला वाटलं होतं, मॅडम आता खरं कपाट मागेल. तिने दोन्ही कपाटांना एक फेरी घातली. बाईच्या कपाटाला आतल्या बाजूला मसाल्याचे डाग होते, मुलांनी खिळ्याने काढलेला एक मोर होता, टवका उडाला होता. मॅडम मला म्हणाली, "ऑनेस्टली, मला हे सॉलिडच आवडतंय. याचा लुक जास्त जुना वाटतो." मग शेठना म्हणाली, "पण आता कळलंय तर थोडं कमी करा."

शेठनी कमी केलं. पंधरा मिनिटांत ते दोघं हसत चहा पीत होते. सत्य मधे येऊन गेलं होतं आणि कुणाचंच काही बिघडलं नव्हतं. मलाही शेठनी काढलं नाही. नंतर फक्त म्हणाले, "पुढच्या वेळी आधी मला सांग, कॉन्व्हेंट. आपण किंमत वाढवू." मी आणखी दोन वर्षं तिथेच इंग्रजी बोलत राहिले, हेही लिहायला हवं.

बाहेर टेम्पोत कपाट चढवलं होतं. मी हँडल बसवायला गेले. एक स्क्रू घट्ट केला, दुसरा पिळत होते, तेवढ्यात बाईने माझं मनगट धरलं.

"नको आवळू."

"पडेल मावशी, वाटेत."

"मी धरून बसते. हे घरच्या सुरीनं निघंल का?"

"निघेल. चपटीच खाच आहे."

"मग ढिलाच ऱ्हाऊ दे," ती म्हणाली आणि गोधडी कपाटावर नीट पसरत दिराकडे बघून, त्याला ऐकू जाईल असं बोलली, "येणाऱ्या-जाणाऱ्याला उघडून दाखवाया लागंल."