गणिताच्या रकान्यातले बारा

अकरावीत मी डोणगावहून एसटीने तालुक्याच्या कॉलेजात जायची. माझ्या बाकावर खामगाव रस्त्याकडच्या एका टेलरची मुलगी बसायची. गणितात आम्ही दोघी बरोबरीच्या. ती उर्दू शाळेतून आलेली, मराठी सावकाश वाचायची, पण आकडे माझ्याहून लवकर करायची.

सहामाहीनंतर खामगावला रविवारी चालणाऱ्या गणिताच्या मोफत वर्गासाठी आमच्या कॉलेजातून पाच मुलं जायची होती. निवड गणिताच्या गुणांवर. आमच्या वर्गशिक्षकांकडे सगळ्या विषयांच्या गुणांचा तक्ता मोबाईलवर, स्क्रीनशॉट म्हणून आला होता. उजवीकडची बेरीज त्यात कापली गेली होती. सरांनी मोबाईलमधूनच त्या चित्राचे आकडे उचलून कॉम्प्युटरवर एक्सेलमध्ये टाकले, एकूण काढलं आणि वर्गात वाचून दाखवायला घेतलं.

माझ्या नावावर ते थांबले. "गणितात बारा. आणि जीवशास्त्राच्या पेपरले बाईसाहेब आल्याच नाहीत."

मी उभी राहिले. जीवशास्त्राला मी होते, तापामुळे मराठीचा पेपर चुकला होता, असं सांगितलं. सरांनी फक्त एकूण गुण लिहिलेलं रजिस्टर उघडून माझी बेरीज पाहिली. एकशे एकसष्ट. एक्सेलमध्येही एकशे एकसष्ट.

"बेरीज जुळते. म्हणजे तू खोटं बोलून राह्यली," ते म्हणाले आणि तास संपेपर्यंत मला उभं ठेवलं. मागच्या बाकांवरून कोणी तरी हळूच 'बारा' म्हणालं. मधल्या सुट्टीपर्यंत ते माझं नावच झालं.

सरांनी तो स्क्रीनशॉट वर्गाच्या ग्रुपवरही टाकला होता. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीने वडिलांचा मोबाईल आणला होता. तिने चित्र मोठं केलं, माझ्या ओळीखाली पट्टी धरली आणि एकेक घर वाचलं. इंग्रजी अडतीस. मराठी कोरं. भौतिक एकतीस, रसायन चौतीस, गणित शेहेचाळीस, जीवशास्त्र बारा. मोबाईलने कोरं घर सोडून दिलं होतं, म्हणून पुढचे सगळे आकडे एकेक घर डावीकडे सरकले होते. जीवशास्त्राचे बारा गणितात बसले आणि जीवशास्त्र रिकामं राहिलं. आकडे तेच, म्हणून बेरीजही तीच.

आम्ही कॉम्प्युटरच्या खोलीत गेलो. सर एकटेच होते. मैत्रिणीने सगळं नीट समजावलं. सरांनी बराच वेळ मोबाईल पाहिला, मग माझी ओळ दुरुस्त करायला घेतली. पुढचे आकडे ओढून आपापल्या रकान्यात नेले, त्यात गणिताचे तेवढे पुसले गेले, आणि मग मराठीच्या रकान्यात 'गैरहजर' लिहिलं. पण कीबोर्ड मराठीवरच होता. त्यांनी गणितात ४६ देवनागरीत टाईप केले आणि एकूण एकदम एकशे पंधरावर आलं.

"सर, हा आकडा कॉम्प्युटरले अक्षर वाटते," मैत्रीण म्हणाली. "इंग्रजीत टाका."

त्यांनी टाकले. एकशे एकसष्ट झाले. मग गणिताच्या रकान्यावर मोठ्यापासून लहान असा क्रम लावला. मी तिसरी आले. चौथ्या क्रमांकाचा मुलगा पाचवा झाला आणि पाचवी सहावी झाली. पाचवी म्हणजे माझी मैत्रीणच होती, चव्वेचाळीस गुणांची.

आपलं नाव जाईल हे तिच्या आधी लक्षात आलं होतं की नाही, मला आजही माहीत नाही. तिचा चेहरा मी पाहिला नाही. मी स्क्रीनकडेच बघत होते.

सर खुर्चीत मागे रेलले. "तूच दाखवलं ना? मग तूच आपलं नाव काढ यादीतून." त्यांनी माऊस तिच्याकडे सरकवला.

सहा मुलं पाठवता येतील का, असं मी विचारलं. वर्ग मोफत आहे, धर्मशाळा नाही, असं सर म्हणाले. मैत्रिणीने खाली वाकून तिची ओळ निवडली आणि काढून टाकली. सरांनी यादी छापली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात दुरुस्ती सांगितली. "बारा गणितात नाहीत, जीवशास्त्रात आहेत. डॉक्टर नाही होणार बाई, बस खाली." वर्ग पुन्हा हसला. कालच्यापेक्षा जास्त हसला, कारण आता ते खरं होतं. मैत्रिणीचं नाव यादीतून गेल्याचं सरांनी सांगितलं नाही. फळ्याजवळ चिकटवलेला कागद वाचून मुलांना ते कळलं.

संध्याकाळी एसटी स्टँडवर मी तिला म्हणाले, मी जात नाही, तू जा.

"जा तू," ती म्हणाली. "तुह्ये मार्क आहेत ते. फक्त काही दिवस माह्याशी बोलू नको."

मी बरं म्हणाले. सोमवारी ती खिडकीकडच्या बाकावर बसली. मी रविवारी खामगावला जात राहिले. तिचे ते काही दिवस बारावीचा शेवटचा पेपर झाला तरी संपले नाहीत.