मंगळवारच्या ऑर्डरी

तारखा मी जुळवल्या होत्या. जाहिरातीचा रिपोर्ट चुकला तो माझ्या हातून, आणि ती चूक कळल्यावरही मी दहा-बारा दिवस गप्प बसलो तोही मीच. पहिली चूक कुणाकडूनही झाली असती. दुसरीबद्दल मला लिहायचं आहे.

एकोणीसशे नव्व्याण्णव सालची थंडी. बारामतीत एका खताच्या दुकानावर दोन खोल्यांत आमचं ऑफिस होतं. इंदापूरकडच्या बावडा गावाच्या आसपासच्या घरांतून लोकरीची आसनं विणून घ्यायची आणि वेबसाइटवरून अमेरिकेत विकायची, असा मालकांचा धंदा. मालक अमेरिकेत काही वर्षं राहून आले होते. तिकडं ध्यानाला, योगाला बसणारे लोक अशा आसनांना चांगला भाव देतात हे त्यांनी पाहिलं होतं. गावात लोक हसले, पण आसनं जायला लागली.

मी तिथं आकडे बघायचो. कार्डावर ‘ॲनालिस्ट’ छापलेलं होतं, त्याचा मला फार अभिमान होता. साइटवर किती लोक आले, त्यांतल्या किती जणांनी ऑर्डर दिली, याचा तक्ता मी दर आठवड्याला करायचो.

गिऱ्हाईक आणायचे आमच्याकडं दोन मार्ग होते. एक म्हणजे बाईंचं पत्र. बाई इंदापूरच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. मला त्यांनीच इंग्रजी शिकवलेलं. दर सोमवारी त्या एसटीनं बारामतीला यायच्या, संगणकासमोर बसून जुन्या गिऱ्हाइकांना इंग्रजीत एक पानी पत्र लिहायच्या. बावड्यात कुणाच्या मेंढीला जुळं झालं, लोकर कशी पिंजतात, उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ कसं वर येतं, असलं काहीबाही. संध्याकाळी फोनवरून इंटरनेटची लाइन लागली की मी ते पत्र सगळ्यांना ईमेलनं पाठवायचो. त्या वेळी अमेरिकेत सोमवारची सकाळ असायची.

दुसरा मार्ग आणला तो पुण्याहून आलेल्या मार्केटिंगवाल्या साहेबांनी. त्यांनी एका अमेरिकन साइटवर आमची जाहिरात लावली. मंगळवारची जागा स्वस्त मिळत होती म्हणून दर मंगळवारी.

या साहेबांचा मी सूड घ्यायचं ठरवलं होतं. कारण सांगतो. दिवाळीनंतर मालकांनी पुण्याच्या काही पैसेवाल्या पाहुण्यांना जेवायला बोलावलं होतं. सगळ्यांची ओळख करून देताना साहेब माझ्यापाशी थांबले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “आणि हे आमचे ॲनालिस्ट. पूर्वी घरी मेंढरं मोजायचे, आता व्हिजिटर मोजतात. मोजणी तीच!”

सगळे हसले. मी आकड्यांबद्दल काही बोलायला गेलो आणि तोंडातून ‘व्हय’ आणि ‘न्हाय’ निघालं. त्यावर साहेबांनी हळूच माझी नक्कल केली, “व्हय, व्हय.” पुन्हा सगळे हसले. मालकही हसले, ते मला जास्त लागलं.

माझे आजोबा कळप घेऊन कोकणापर्यंत जायचे. वडिलांनी मेंढरं विकून शेती केली आणि मला शिकवलं. आजोबांची मोजणी कधी चुकली नाही. त्या रात्रीपासून मी साहेबांची एक-एक गोष्ट मनात साठवायला लागलो. त्यांनी माझी खुर्ची घेतली, माझ्या तक्त्यावर स्वतःचं नाव घातलं, चहा आणायला मला सांगितलं. कधीतरी हे सगळं परत करायचं, याच लोकांसमोर, हे मनाशी पक्कं होतं.

जाहिरात सुरू झाल्यावर साहेबांनी मला तक्ता पहिल्यांदाच दिवसवार करायला लावला, आणि रिपोर्ट बघून मालक उडालेच. ज्या दिवशी जाहिरात, त्या दिवशी ऑर्डरींचा ढीग. सोमवारी, म्हणजे बाईंचं पत्र गेलं त्या दिवशी, जवळजवळ काही नाही. साहेब म्हणायचे, “याला कन्व्हर्जन म्हणतात! आलेल्या दर पाच माणसांत एक खरेदी करतो. मुंबईच्या कंपन्यांना असं जमत नाही.” मला ते जरा जास्तच चांगलं वाटायचं, पण तक्ता मीच केला होता. बेरजा तपासल्या, त्या बरोबर होत्या.

मग एका मंगळवारी सकाळी मी नुकतं ऑफिस उघडलं होतं आणि फोन वाजला. कॅलिफोर्नियातून एक बाई बोलत होत्या. आत्ताच ऑर्डर पाठवली आहे, पोचली का? मी म्हटलं, पोचली. त्या म्हणाल्या, “तुमच्या टीचरचं आजचं पत्र फार आवडलं. त्या मेंढीची दोन्ही कोकरं बरी आहेत ना?”

मी म्हणालो, पत्र कालचं आहे, सोमवारचं.

त्या हसल्या. “इथं अजून सोमवारच आहे. आत्ता आमची जेवणं झाली.”

फोन ठेवला आणि मी समोरच्या ऑर्डरी बघितल्या. सगळ्यांवर आमच्या संगणकाची तारीख होती, मंगळवार. पण जाहिरातवाल्या कंपनीचा मंगळवार न्यूयॉर्कच्या घड्याळानं चालायचा. थंडीत न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागं असतं. म्हणजे त्यांचा मंगळवार आपल्याकडं मंगळवारी सकाळी साडेदहाला सुरू होणार. आत्ता साडेनऊ वाजत होते. जाहिरात अजून लागलीच नव्हती आणि माझ्या तक्त्यात तिच्या ऑर्डरी आल्या होत्या.

लोक बाईंचं पत्र सोमवारी दुपारी, संध्याकाळी, कामावरून घरी येऊन वाचत. तिकडं दुपार कलली की आपल्याकडं मध्यरात्र उलटून मंगळवार लागतो. मी तिकडची भेट देणाऱ्यांची तारीख आणि इकडची ऑर्डरीची तारीख शेजारी शेजारी लावून मोकळा झालो होतो. मी सगळ्या जुन्या ऑर्डरींची वेळ न्यूयॉर्कच्या घड्याळावर आणली. मंगळवारचा ढीग सरकून सोमवारवर गेला. जाहिरातीच्या खऱ्या ऑर्डरी आपल्याकडच्या मंगळवारी संध्याकाळपासून बुधवारी सकाळपर्यंत येत होत्या, आणि त्या अगदीच तुरळक होत्या.

मला आनंद झाला. लाज वाटते, पण झाला. साहेबांचं सगळं वैभव माझ्या बाईंच्या पत्रावर उभं होतं आणि हे फक्त मला माहीत होतं. उठून मालकांच्या खोलीत जायला दहा पावलं पुरली असती. मी गेलो नाही. दहा-बारा दिवसांनी मालकांच्या काटेवाडीजवळच्या मळ्यात हुरडा पार्टी होती. तेच पाहुणे येणार होते आणि साहेब त्यांच्यासमोर रिपोर्ट वाचणार होते. मी ठरवलं, तिथं. त्याला आणखी उंच चढू द्यायचं.

त्याच आठवड्यात शनिवारी मालकांनी मला बोलावलं. “पत्र बंद करू या. रिपोर्टात दिसतंयच, त्याचा काही उपयोग न्हाय. बाईंचा जाण्यायेण्याचा तरास तरी वाचंल. तूच सांग त्यांना, तुझ्या बाई हायती.”

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी नुसतं ‘बरं’ म्हणालो. हुरड्याला आठच दिवस राहिले होते. मी विचार केला, आठ दिवसांनी सगळं उलटणारच आहे, मग बाईंना मानानं परत आणू.

सोमवारी बाई आल्या. पिशवीतून चष्मा काढून संगणकासमोर बसत होत्या. मी सांगितलं. त्यांनी कागद मागितला आणि आमच्या तक्त्यावरून ओळीओळीनं बोट फिरवलं.

“हा तू काढलास?”

“व्हय बाई.”

“मग बरोबरच असणार,” त्या म्हणाल्या. “मला वाटायचं, लोक वाचतात. कधी कधी उत्तरंही यायची रे. पण म्हाताऱ्या माणसाला काय, कुणी दोन ओळी लिहिल्या की खरं वाटतं.” चष्मा पुन्हा घरात घातला. “मालकांना सांग, माझ्यामुळं इतके दिवस लाइन अडून राहिली.”

मी त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेलो. वाटेत त्या माझ्या मुलाच्या शाळेबद्दल विचारत होत्या. इंदापूरची गाडी लागलेली होती. मी खिडकीशी उभा राहिलो आणि गाडी सुटेपर्यंत एकही शब्द बोललो नाही.

हुरडा पार्टी ठरल्याप्रमाणं झाली. आगटीभोवती पाहुणे बसले होते, गरम कणसं चोळून दाणे हातावर पडत होते, चटणी-दही फिरत होतं. साहेबांनी रिपोर्ट वाचला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग साहेब माझ्याकडं वळून म्हणाले, “काय हो ॲनालिस्ट, मेंढरं बरोबर मोजली ना?”

याचीच मी वाट बघत होतो. उभा राहिलो. “न्हाय साहेब. मोजली बरोबर, पर दुसऱ्याच्या कळपातली तुमच्या वाड्यात घातली.” आणि सगळं सांगितलं. तिकडचा मंगळवार, इकडचा मंगळवार, पत्र, मध्यरात्र. मुद्दाम आमच्या बोलीत सांगितलं. कुणीच हसलं नाही. साहेबांच्या हातातलं कणीस तसंच राहिलं आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. मला ते बघताना इतकं बरं वाटलं की आजही आठवलं तर त्यातला थोडा गोडवा जाणवतो. म्हणूनच ते सांगायला अवघड जातं.

साहेबांनी कागदावरच्या तारखा वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचल्या. मग त्यांनी विचारलं, “तारखा कुणी लावल्या होत्या?”

“मी.”

“आणि चूक कधी कळली?”

मी काटकीनं आगटीतली राख उकरायला लागलो. मालकांनी माझ्याकडं पाहिलं. “बोल की. कवा कळलं?”

“गेल्या आठवड्यात, मंगळवारी.”

“म्हंजी बाईंना नको म्हणून सांगितलंस, तवा तुला ठावं हुतं?”

“व्हय,” मी म्हणालो.

साहेब अगदी हळू म्हणाले, “मला माहीत नव्हतं. शपथेवर सांगतो, मला माहीत नव्हतं.” ते खरं बोलत होते. पाहुणे दुसरीकडं बघायला लागले. आगटीत कुणीतरी गोवरी सारली.

साहेब महिन्याभरात पुण्याला परत गेले. जाताना माझ्याशी बोलले नाहीत. मालकांनी बाईंकडं गाडी पाठवली, ती रिकामी आली. बाईंचा निरोप होता की आता डोळ्यांना त्रास होतो, जमणार नाही. डोळ्यांना काही झालेलं नव्हतं हे मालकांना आणि मला, दोघांनाही कळलं. पत्र मी लिहून पाहिलं, माझ्या इंग्रजीत. ऑर्डरी हळूहळू ओसरल्या. कॅलिफोर्नियाच्या बाईंनी एकदा लिहून विचारलं, टीचर आजारी आहेत का? मी उत्तर पाठवलं नाही.

इंदापूरला जायचं मी रोज ठरवायचो. एकदा पार स्टँडवर जाऊन परत आलो. मला वाटायचं, सुरुवात साहेबांनी केलेल्या अपमानापासून करावी, म्हणजे बाईंना समजेल. मनात ते सगळं भाषण तयार होतं.

उन्हाळ्यात शेवटी गेलो. बाई ओसरीवर पापड वाळत घालत होत्या. “ये, बस,” म्हणाल्या आणि पाणी आणायला उठायला लागल्या. मी त्यांना बसवलं आणि खाली त्यांच्यासमोर बसलो. ते भाषण मी केलं नाही. साहेबांचं नावही काढलं नाही.

म्हणालो, “बाई, लोक तुमचं पत्र वाचत हुते. ऑर्डरी तुमच्याच हुत्या. तक्ता चुकलेला हाय हे तुमच्या हातात देताना मला ठावं हुतं. तुमी ‘बरोबरच असणार’ म्हणालात, तरी मी गप बसलो. मला दुसऱ्याला खाली बघायला लावायचं हुतं, त्यासाठी तुमाला लावलं. माझं चुकलं, बाई. मला माफ करा.”