चीजची बुरशी आणि माझी सुरी

वसईच्या आमच्या फ्लॅटमधल्या फ्रिजवर कुणाचं राज्य चालतं, हे नवऱ्याला आणि सासूबाईंना एका रविवारी एकदमच कळलं.

दुकानातून आणलेल्या कडक चीजच्या तुकड्यावर हिरवा ठिपका आला होता. नवरा तो अख्खा तुकडा कचऱ्यात टाकायला निघाला. मी त्याच्या हातातून तो काढून घेतला आणि ठिपक्याच्या भोवतीचा नि खालचा चांगला इंचभर भाग कापला, सुरी बुरशीला लागू न देता. प्लास्टिकमध्ये आवळून ठेवलं होतं त्यानेच. पाणी सुटून बुरशी येणार नाही तर काय होणार? उरलेला तुकडा मी नव्या बटर पेपरात गुंडाळून डब्यात ठेवला.

मग मऊ चीजची चकती काढली. तिची पांढरी साल मुळात बुरशीचीच असते, ती खातातही. पण त्या सालीवर आता काळपट लव आली होती.

"वरचं काढून टाक, लोणच्याचं काढतो तसं," सासूबाई म्हणाल्या.

"मऊ चीजमध्ये ती आत पसरते, आणि दिसतही नाही," म्हणत मी सगळी चकती कचऱ्यात टाकली.

"उद्या आम्हालाही टाकशील."

मी सुरी धुवायला घेतली.

संध्याकाळी त्याच कडक चीजचे टोस्ट केले. वास आला तसा नवऱ्याने बशीकडे हात नेला.

"बुरशीचं आहे ते, तू तर टाकायला निघाला होतास," मी म्हणाले आणि बशी सासूबाईंपुढे सरकवली.