तीन नंबरच्या खोलीचा रिपोर्ट

द्रोणागिरीच्या ज्या कोल्ड स्टोरेजमध्ये मी रिपोर्टचं काम करते, तिथे पूर्वी रोज सकाळी सातला एक काका ग्राहकांना फोन करायचे. उरणकडच्या कोळीवाड्यातला माणूस, उभं आयुष्य बर्फात गेलेलं. कुठल्या खोलीत किती तापमान, हे ते फोनवर असं ओरडून सांगायचे की मला सकाळी सकाळी वैताग यायचा. समोरच्यानं "हो, कळलं" म्हटल्याशिवाय फोन ठेवायचे नाहीत.

मग मी सिस्टिम लावली. सातच्या ठोक्याला सगळ्या खोल्यांचा रिपोर्ट आपोआप मेलनं जायला लागला. काकांना मी तोऱ्यात सांगितलं, "काका, आता फोन बंद. रिपोर्ट जातो."

"बरा झाला, माजा घसा सुटला," म्हणाले.

चाचणी मी ऑफिसातल्याच पत्त्यांवर केली होती. घरातल्या घरात पाठवलेलं पत्र पोचणारच, तसे ते सगळे पोचले. पण ज्यांची कोळंबी आमच्याकडे ठेवलेली असायची, त्या कंपनीच्या क्वालिटी ऑफिसरांचा फोन आला, की मेल स्पॅममध्ये पडलाय. मी म्हटलं, "सर, 'नॉट स्पॅम' दाबा ना." त्यांनी दाबलं, दुसऱ्या दिवसापासून मेल इनबॉक्समध्ये. मी खूश. दुखणं तसंच ठेवून मी फक्त एका माणसाची तक्रार बंद केली होती, आणि हे मला तेव्हाही थोडंफार कळत होतं. आळस, दुसरं काही नाही.

वर मी हौसेनं प्रत्येक खोलीचे आलेख आणि फोटो जोडत गेले. फाइल जड झाली, म्हणून झिप करून पाठवायला लागले.

ते ऑफिसर नोकरी सोडून गेले. त्यांच्या जागी आलेल्या बाईंचा पत्ता मी यादीत घातला. त्यांच्या मेलबॉक्समध्ये 'नॉट स्पॅम' कुणी दाबलेलं नव्हतं.

त्याच आठवड्यात, त्या कंपनीची कोळंबी होती त्या तीन नंबरच्या खोलीचा कॉम्प्रेसर बसला. सुटा भाग यायला वेळ होता. उणे अठराचं तापमान रोज थोडं थोडं चढत होतं. माल दुसरीकडे हलवायला ज्याचा माल, त्या कंपनीची परवानगी लागते. काकांनी रिपोर्टात लाल ओळ घालायला लावली: परवानगी द्या. तीन दिवस ते माझ्या टेबलाशी येऊन विचारत होते, "पोरी, रिपोट गेला का त्यांना?" मी सर्व्हरची नोंद बघायचे. 'स्वीकारला.' पलीकडच्या सर्व्हरनं स्वीकारला म्हणजे माणसानं वाचला, असं नसतं. पण मी म्हणायचे, "गेलाय काका. बघितलं असेल त्यांनी."

चौथ्या दिवशी कोळंबी बाद झाली. कंपनी म्हणाली, आम्हाला कुणी कळवलंच नाही. ड्युटीच्या कागदावर 'ग्राहकाला कळवणे' यापुढे काकांचंच नाव होतं, ते बदलायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. काकांना काढलं.

मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन अर्धा तास बोलले. रिपोर्ट पाठवणारा भाड्याचा सर्व्हर आपल्या डोमेनच्या परवानगीच्या यादीत, म्हणजे एसपीएफमध्ये, नाही. मेल खरंच आपलाच आहे हे पटवणारी डीकेआयएमची सही नाही. त्यात झिप फाइल. मग अनोळखी मेलबॉक्स आपल्याला चोर समजणार नाही तर काय? साहेब म्हणाले, "मग नीट कर."

नीट करायला एक दुपार पुरली. सर्व्हर यादीत घातला, सही चालू केली, झिप काढून टाकली. तापमानाचा तक्ता मेलच्या मजकुरातच घातला आणि आलेख-फोटोंसाठी फक्त लिंक. नवीन बाईंना मी स्वतः फोन करून विचारलं. इनबॉक्समध्येच आलाय, म्हणाल्या. एका दुपारचं काम होतं ते. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

काका त्यांचा स्वेटर न्यायला आले, तेव्हा मी गेटपर्यंत सोबत गेले. सगळं सांगितलं, यादी, सही, झिप, साहेबांना कसं समजावलं ते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"त्यातला मना काय कलत नाय," म्हणाले. "पन फोन बंद करा असा तू सांगतलेलंस, ता सांगतलंस का सायबांना?"

अर्ध्या तासात तेवढं एकच वाक्य मी बोलले नव्हते. मी म्हटलं, "सांगते काका."

ते स्वेटर काखेत मारून बसस्टॉपकडे गेले. रिपोर्ट आता रोज सातला सगळ्यांच्या इनबॉक्समध्ये पोचतो. साहेबांची केबिन माझ्या टेबलापासून दहा पावलांवर आहे, आणि मी अजून सांगितलेलं नाही.